‘बँडविड्थ आहे का?’ : सवड, आवाका की गुंजाईश?

चिकलठाणा
आमच्या ऑफिसात दर सोमवारी एकच प्रश्न फिरतो, “तुझ्याकडे बँडविड्थ आहे का?” एक एक्सेल शीट आहे, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे टक्के. सपोर्टवर बसणारा एक मुलगा त्यात ८५ टक्के भरलेला दिसत होता. म्हणजे १५ टक्के बँडविड्थ शिल्लक. आठवड्याचे ४५ तास धरले तर पावणेसात तास झाले. म्हणून त्याला दर आठवड्याचा सहा तासांचा एक अहवाल लावून दिला. याला दोन महिने झाले. आधी ग्राहकाच्या तक्रारीला त्याच दिवशी उत्तर जायचं, आता तिसरा दिवस उजाडतो आणि मुलगा रात्री साडेआठला घरी निघतो. शीटमध्ये मात्र तो अजूनही शंभराच्या आतच आहे.
मला विचारायचंय ते असं, की या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो माणसांना का लावतात, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

उदगीर
बँडविड्थ म्हणजे नेटचा स्पीड. शंभर एमबीपीएसचं कनेक्शन म्हणतो ना, तेच. माणसाला लावलं तर कामाचा झपाटा. तुमचा मुलगा हळू काम करत असेल तर बँडविड्थ कमी, एवढंच.

केज
ताई, आमच्याकडं तर बँडविड्थच नाही. टॉवर गावात हाय, पण संध्याकाळी सगळे घरी आले की मोबाईलवर सातबारासुद्धा उघडत नाही. तक्रार कुठं करायची, कोणाला माहीत हाय का?

परभणी
केजकर, तुमची तक्रार वेगळी आहे, पण तिच्यात या शब्दाचं मर्म आहे. आधी मूळ सांगतो. माझी नोकरी रेडिओच्या यंत्रांवर गेली. तिथे हा शब्द शब्दशः होता, बँड म्हणजे पट्टा आणि विड्थ म्हणजे त्याची रुंदी. परभणी आकाशवाणी आम्ही मीडियम वेव्हवर १३०५ किलोहर्ट्झला लावायचो. शेजारच्या जागा १२९६ आणि १३१४, म्हणजे दोन्हीकडे ९-९ किलोहर्ट्झ सोडून. स्टेशनने आपल्या पट्ट्यातच बोलायचं, नाहीतर शेजाऱ्याच्या बोलण्यात आपला आवाज मिसळतो. जुन्या टेलिफोनवर माणसाचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच जाऊ द्यायचे. रुंदी ३१०० हर्ट्झ. म्हणून फोनवर आवाज ओळखू यायचा, पण गाणं पोकळ लागायचं.
पट्टा जेवढा रुंद, तेवढी जास्त माहिती एका सेकंदात पाठवता येते. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी त्याची मर्यादा गणितात मांडली. ती मर्यादा पट्ट्याच्या रुंदीवर ठरते आणि खरखराटाच्या तुलनेत आवाज किती मोठा आहे, त्यावरही. पुढे संगणकवाल्यांनी हर्ट्झ सोडून सेकंदाला किती बिट, यालाच बँडविड्थ म्हणायला सुरुवात केली. उदगीरकर तिथपर्यंत बरोबर आहेत. पण दोन्ही अर्थांत बँडविड्थ म्हणजे पूर्ण रुंदी. त्यातली किती रिकामी, हा अर्थ त्यात नव्हता.

केज
म्हणजे पाईपासारखं. माझा पाईप तीन इंची हाय, पण बोअरला पाणी दीडच इंच. पाईप बघून कोणी म्हणलं, अजून चार एकर भिजवा, तर कसं भिजंल?

परभणी
अगदी. पाईपाची रुंदी ही बँडविड्थ आणि प्रत्यक्ष वाहतं ते दीड इंच पाणी.

चिकलठाणा
म्हणजे ऑफिसवाल्यांनी शब्द उलटाच केला की. “बँडविड्थ आहे का” म्हणजे “पाईपात रिकामी जागा आहे का”. आणि पाईपातली जागा दिसते तरी, माणसातली कोण मोजणार?

वाळूज
मी एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे, बारा वर्षं माणसं आणि मशीन लावायचंच काम. तुमच्या मुलाचं गणित करून बघितलं. आधी तो आठवड्याला सव्वाअडतीस तास भरलेला होता. सहा तास वाढवले की सव्वाचव्वेचाळीस, म्हणजे ४५ पैकी ९८ टक्क्यांच्या थोडं वर. कागदावर पाऊण तास उरतोच. पण तक्रारी रांगेत शिस्तीने येत नाहीत. सकाळी सहा एकदम येतात, दुपारी एकही नाही. दुपारचा रिकामा अर्धा तास उचलून सकाळी लावता येत नाही. म्हणून काम जसं भरत जातं तशी रांग त्याच प्रमाणात वाढत नाही, शेवटी एकदम उसळते.
साधा हिशेब असा, की भरलेला भाग भागिले रिकामा भाग, गुणिले एका कामाचा वेळ. एक तक्रार अर्ध्या तासाची धरू. ८५ भागिले १५ म्हणजे साडेपाचाच्या थोडं वर, त्याचा अर्धा म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास थांबणं. त्याच दिवशी उत्तर. आता सव्वाचव्वेचाळीस भागिले पाऊण म्हणजे ५९, त्याचा अर्धा साडेएकोणतीस तास. नऊ तासांच्या दिवसाने तीन दिवसांच्या वर. हे सूत्र एकच माणूस आणि कशीही येणारी कामं, एवढं धरून आहे. इतकी रांग साचायला बरेच आठवडे लागतात आणि मुलगा रात्री थांबून ती कापतो, त्यामुळे आकडा अगदी जुळणार नाही. तुमचा तिसरा दिवस त्याच दिशेचा आहे.
उदगीरकर, यात मुलाचा झपाटा तसूभरही कमी झालेला नाही.

उदगीर
हे पटलं. मग आमच्या दुकानात पोरगं रिकामं उभं दिसलं की मी लगेच काम सांगतो, तेही चूक का?

वाळूज
ते काम मधेच टाकून गिऱ्हाईकाकडे वळता येत असेल तर चूक नाही. अहवाल असा टाकता येत नाही. टाकला तर परत बसताना आकडे कुठपर्यंत आणले होते ते शोधण्यात वेळ जातो. तारेला दोघांचं बोलणं वाटून दिलं तर तिला काही वाटत नाही. माणसाला वाटून दिलं की सांध्यात वेळ गळतो, आणि तो वेळ शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नसतो.

सेलू
शब्द का रुजला, ते मी मराठीच्या बाजूने सांगते. आपण “रिकामा आहेस का?” विचारलं तर समोरच्याला लागतं, रिकामटेकडा म्हटल्यासारखं. “वेळ आहे का?” म्हटलं तर तो घड्याळ बघून हो म्हणतो, डोकं शिणलेलं असलं तरी. “बँडविड्थ” म्हटलं की कोणालाच लागत नाही. विचारणाऱ्याला संकोच नाही, आणि “माझ्याकडे बँडविड्थ नाही” म्हणणाराही कामचुकार ठरत नाही. माझी सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. ती म्हणते, आई, “जमणार नाही” म्हणायला जीभ रेटत नाही, हे म्हणता येतं. म्हणून मी या शब्दाला वाईट म्हणणार नाही.
मराठीत “आवाका” म्हणजे पूर्ण कुवत, तो मूळ अर्थाला बसतो. “सवड” फक्त वेळेची. उरलेल्या जागेला आपल्याकडे जुना शब्द आहे, गुंजाईश. फारसीतून उर्दूत आणि तिथून निजामाच्या काळात आपल्या बोलीत मुरलेला. “जीपमध्ये अजून एकाची गुंजाईश आहे का?” हे मी लहानपणापासून ऐकते. त्यात मावणं आहे, नुसतं घड्याळ नाही.

परभणी
गुंजाईश छान, पण पुण्या-मुंबईच्या माणसाला कळेल का? मी “वाव” म्हणेन.

सेलू
वाव संधीकडे झुकतो, सर. “सुधारणेला वाव आहे.” माणसाच्या शिणण्याबद्दल त्यात काही येत नाही.

चिकलठाणा
आज बैठकीत साहेबांना वाळूजकरांचा हिशेब दाखवला. ते म्हणाले, मग १५ टक्के रिकामे ठेवून त्याला पगार द्यायचा का? मी म्हटलं, ग्राहकाला त्याच दिवशी उत्तर जातं ते त्या १५ टक्क्यांमुळेच. अहवाल पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या मुलीकडे जाणार आहे. ती किती भरलेली आहे ते शीटमध्ये बघितलं, ८० टक्के लिहिलंय. पण तिचं काम कसं येतं, एकदम की सलग, हे मलाच ठाऊक नाही. उद्या तिच्याशेजारी बसून दिवसभर टिपणार आहे.

केज
ताई, टॉवरचं पण बगा कोणी असंल तर.