दरवर्षी कर्ज घेणाऱ्या आणि फेडणाऱ्या कंपनीचे मूल्य काढताना निव्वळ कर्ज किती धरावे?

बुटीबोरीकर
बुटीबोरीतील आमच्या सुटे भाग बनवणाऱ्या खासगी कंपनीतून एक भागीदार बाहेर पडत आहेत. यंदाचा निव्वळ नफा 30 कोटी, घसारा 10, भांडवली खर्च 28, खेळत्या भांडवलातील वाढ 4, नवे कर्ज 40 आणि मुद्दलाची परतफेड 28 कोटी आहे. त्यामुळे भागधारकांच्या वाट्याला मोकळी रोख 20 कोटी उरते. कायम 5 टक्के वाढ आणि 14 टक्के अपेक्षित परतावा धरून मी 233 कोटी मूल्य काढले. वर्षअखेरीस कर्ज 120 कोटी आणि भागधारकांचा निधी 140 कोटी आहे. हे बरोबर आहे का?

धरमपेठकर
नाही. यंदा कर्ज 108 वरून 120 कोटींवर गेले, म्हणजे ते 11 टक्क्यांनी वाढले, आणि नफा मात्र आपण 5 टक्क्यांनीच वाढवत आहात. हे 12 कोटी दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढवत नेले, तर नफ्याच्या तुलनेत कर्जाचा बोजा सरकत सरकत आजच्या दुपटीवर जातो. तरीही आपल्या हिशेबात व्याज वाढत नाही आणि 14 टक्के जागचे हलत नाहीत. कर्जाचे प्रमाण आहे तेच राहायचे असेल, तर पुढील वर्षी 120 कोटींवर 5 टक्के, म्हणजे 6 कोटीच नवे निव्वळ कर्ज धरता येईल. कर्ज वगळून उरणारी यंदाची 8 कोटी रोख पुढील वर्षी 8.4 होते, त्यात हे 6 मिळवले की 14.4 कोटी आणि मूल्य 160 कोटी येते. बाहेर पडणाऱ्यांना 233 च्या हिशेबाने पैसे देऊ नका.

कळमना
आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या हंगामात कॅश क्रेडिट भरून वाहते आणि पावसाळ्यापर्यंत फिटते. घेतलेले आणि फेडलेले आकडे प्रचंड दिसतात, पण त्यांचा मूल्याशी काहीच संबंध नसतो. आपले 40 आणि 28 हेही तसेच फिरते कर्ज असेल, तर ते सोडूनच द्यावे.

वर्धा रोड
कळमनाकरांचा अनुभव खरा आहे, पण प्रश्न वेगळा आहे. कर्ज कितीही वेळा फिरले, तरी हिशेबात फरकच येतो आणि इथे 12 कोटींचा फरक उरलेला आहे. त्यांच्या बोलण्यातून एक तपासणी मात्र घ्यावी. वर्षभराच्या व्याजखर्चाला व्याजदराने भागून सरासरी कर्ज काढावे. ते 120 पेक्षा बरेच जास्त निघाले, तर 31 मार्चचा आकडा हंगाम संपतानाचा आहे आणि 5 टक्के त्यावर लावणे चुकीचे ठरेल.

धरमपेठकरांनी कर्ज 5 टक्क्यांच्या वाढीला जुळवले, पण गुंतवणूक तशीच सोडली, आणि माझ्या मते हीच त्यांच्या 160 मधील चूक आहे. यंदा घसारा वजा जाता भांडवली खर्च 18 आणि खेळते भांडवल 4, मिळून 22 कोटी गुंतले. कर्ज आणि निधी मिळून आज 260 कोटींचे भांडवल आहे, म्हणजे वर्षभरात ते 238 वरून 9 टक्क्यांनी वाढले. 5 टक्क्यांची वाढ पुरेशी असेल, तर पुढील वर्षी 13 कोटीच लागतील. नफा 31.5, त्यातून 13 वजा, त्यात कर्जाचे 6 मिळवले की 24.5 कोटी, 9 टक्क्यांनी भागल्यास मूल्य 272 कोटी येते. पडताळा असा: 140 कोटींचा निधी 5 टक्क्यांनी वाढण्यासाठी 7 कोटी कंपनीत राहावे लागतात आणि 31.5 मधून ते वजा जाता 24.5 च उरतात.

धरमपेठकर
गुंतवणुकीची चूक मान्य आहे, पण 272 मान्य नाही. आपल्या हिशेबात ते 7 कोटी पुढच्या वर्षाच्या नफ्यात 1.575 कोटींची भर घालतात, म्हणजे नव्या निधीवर 22.5 टक्के परतावा आपण कायमचा गृहीत धरला आहे. जुनी यंत्रे घसाऱ्याने पुस्तकात स्वस्त झालेली असतात, म्हणून जुना परतावा मोठा दिसतो; नवे यंत्र आजच्या भावाने येते. नव्या निधीवर 14 टक्केच मिळाले, तर तेवढ्याच नफावाढीसाठी 11.25 कोटी राखावे लागतील, रोख 20.25 उरेल आणि मूल्य 225 कोटी येईल. अशा वेळी वाढीमुळे मूल्यात भरच पडत नाही, 31.5 ला सरळ 14 टक्क्यांनी भागले तरी 225 च येतात.

वर्धा रोड
कायमचे 22.5 टक्के मीही धरणार नाही. पण हाती पक्क्या मागण्या असतील, तर पहिली काही वर्षे जास्त परतावा धरून तो हळूहळू 14 वर आणणे मला अधिक योग्य वाटते. तसे केल्यास मूल्य 225 आणि 272 च्या मध्ये पडते. नेमके कुठे, हे यंत्रांवर ठरेल.

बुटीबोरीकर
म्हणजे माझे 233 याच पट्ट्यात पडतात, पण ते योगायोगाने. अवाजवी कर्जाने आणि अवाजवी खर्चाने एकमेकांना झाकले होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही यंत्रांची एक नवी ओळ बसवली होती. तिच्यावर आजवर झालेला खर्च आणि तिच्यामुळे वाढलेला नफा वेगळा काढून येथे मांडतो.

धरमपेठकर
त्यात त्या ओळीसाठी अडकलेले खेळते भांडवलही धरा. ते विसरले की परतावा उगाचच मोठा दिसतो.