मदत हवी आहे: इंटरव्ह्यूची वेळ जुळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरला आभाराचा मेल करावा का?

रेवा_पुणे: मंडळी, काल एका कंपनीत शेवटचा राउंड झाला. पॅनेलमधले एक जण ऐनवेळी दौऱ्यावर गेले, त्यात माझ्या ऑफिसात ऑडिट. कोऑर्डिनेटर मॅडमनी सगळ्यांची कॅलेंडरं जुळवून संध्याकाळी साडेसहाचा स्लॉट काढला. रिसेप्शनवरच्या मुलीने गेटपास तयारच ठेवला होता. मॅनेजरना आभाराचा मेल गेलाय. या दोघींना करू, की मस्का वाटेल?

गण्या: त्यांच्या हातात काय आहे? निवड पॅनेल करतं. करायचाच तर मॅनेजरला सीसी कर, निदान कुणाला दिसेल तरी.

जुनी_एचआर: मार्क पॅनेलच देतं, हे खरं. पण पॅनेलच्या मागे लागून फीडबॅक फॉर्म भरून घेणारी, नंतरची बैठक लावणारी कोऑर्डिनेटरच. दोन उमेदवार सारखेच निघाले की मॅनेजर तिला सहज विचारतो, "बोलायला कशी आहे?" आमच्याकडे एकाचे राउंड उत्तम झाले होते. स्लॉट बदलला म्हणून त्याने तिला लिहिलं, "तुमच्या सीनियरशी बोलायचंय, तुम्हाला जमत नाही." तो मेल जसाच्या तसा मॅनेजरकडे गेला. काम क्लायंट सांभाळण्याचं होतं, घेतलं दुसऱ्याला. अमेरिकेतल्या झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीत तर उमेदवाराला विमानतळावरून आणणाऱ्या ड्रायव्हरलाही विचारायचे, कसा वागला म्हणून.

चांगलं मात्र इतक्या वेगाने वर जात नाही, आणि आभाराने कच्चा राउंड पक्का होत नाही.

सीसी नकोच. आभार तिचे आणि प्रेक्षक मॅनेजर, हे लगेच कळतं. तिने स्लॉट कळवला त्याच मेलला उत्तर दे. वर पाठवावंसं वाटलं तर ती पाठवेल.

पप्पू_अमरावती: मला तर निकालच कळवत नाहीत! आभार मानले तर कळवतील का?

जुनी_एचआर: पप्पू, तुझं प्रकरण वेगळं. रिक्रूटरला सरळ विचार. आभाराच्या मेलात निकालाची चौकशी घुसडली की आभार गेले पाण्यात.

रेवा_पुणे: मेल इंग्रजीतच जाईल, मजकूर असा: "नमस्कार मॅडम, माझ्या ऑडिटमुळे तुम्हाला सगळ्यांच्या वेळा पुन्हा जुळवाव्या लागल्या. साडेसहाच्या स्लॉटमुळे मला रजा न टाकता येता आलं. रिसेप्शनवरच्या ताईंनी पास तयार ठेवला होता, त्यांनाही कृपया आभार कळवा." मुलीचं नाव विचारायचं राहिलं.

जुनी_एचआर: नाव नसलं तरी "संध्याकाळच्या पाळीतल्या" लिही, त्यांना कळेल. "आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल" वगैरे घातलं नाहीस, छान. आजच पाठव.

माधवकाका: मी म्हणेन, निकाल लागू दे. नकार आला तरी पाठव, तेव्हा कुणी मस्का म्हणणार नाही.

जुनी_एचआर: काका, तोवर तिचे दुसरे पन्नास उमेदवार झालेले असतात.

माधवकाका: असू देत की. आठवण राहावी म्हणूनच लिहायचं असेल, तर गण्या काय चुकीचं म्हणाला?