मदत हवी आहे: ‘क’ वर्गातला पण अत्यावश्यक सुटा भाग, नियंत्रण किती ठेवायचं?

मटेरियल्स मॅनेजमेंटच्या प्रोजेक्टसाठी एका प्रेस शॉपच्या स्टोअरचं एबीसी विश्लेषण करतोय. वार्षिक वापर गुणिले दर काढून उतरत्या क्रमाने यादी लावली. एकूण वापर ५० लाखांचा. त्यात एक ऑइल सील आहे: महिन्याला १२ नग, दर ४० रुपये, म्हणजे वर्षाला फक्त ५,७६० रुपये. अर्थातच ‘क’ वर्ग. पण तो नसेल तर प्रेस बंद पडतो आणि माल यायला सहा आठवडे लागतात.

वस्तू किती अत्यावश्यक आहे यावरून वर्ग पाडणाऱ्या व्हीईडी विश्लेषणाशी जोड लावून पाहिली. त्या तक्त्यात हा सील महागड्या ‘अ’ वस्तूंच्याच गटात जातो, म्हणजे दर आठवड्याला मोजणी आणि मॅनेजरची सही. स्टोअरकीपर एकच आहे, त्यामुळे इतकी मेहनत ४० रुपयांच्या नगावर घालवणं मला पटत नाही.

माझा विचार दोन-बिन पद्धतीचा आहे. राखीव बिनमध्ये ३६ नग: सहा आठवड्यांचा वापर १८, तेवढाच सुरक्षा साठा. पहिला बिन संपला की ऑर्डर. रबर कडक होतं, म्हणून वर्षांचा साठा करता येणार नाही.

अशा वस्तूला साप्ताहिक मोजणीऐवजी एवढा सुरक्षा साठा पुरेल का, आणि पुरवठा सहाऐवजी दहा आठवड्यांवर गेला तर तो कोणत्या हिशेबाने वाढवायचा?