सूत्र चुकलं की किंमत? एका ओळीवरून ठरवता येतं का

पाटीपेन्सिल
7, 11, 15, … या श्रेढीतल्या पहिल्या 20 पदांची बेरीज काढायची होती. मुलाने वहीत एवढीच ओळ लिहिली:

S₂₀ = 20/2 [7 + 19 × 4] = 10 × 83 = 830

उत्तर 900 यायला हवं. त्याला सूत्रच चुकीचं आठवलं, की सूत्र बरोबर होतं आणि किंमत घालताना चुकला? दोन्हींवर उपाय वेगळा, म्हणून विचारतोय.

वजाबाकी
सूत्र चुकलं. 900 मधून 830 गेले, उरले 70. ते 10 × 7 आहेत, म्हणजे कंसात बरोबर एक a कमी पडला. त्याने 2a च्या जागी a पाठ केलंय. उत्तरातला फरक n/2 ने भागला की चूक हाती लागते. समजा 940 आलं असतं, तर फरक 40 म्हणजे 10 × 4. एक d जास्त, अर्थात (n − 1) ऐवजी n घेतला. मी सगळ्या वह्या अशाच तपासते.

कच्ची वही
वजाबाकी, काय हरवलं ते तुमच्या रीतीने कळतं, पण कुठे हरवलं ते कळत नाही. हीच ओळ तीन वेगळ्या वाटांनी येऊ शकते. पहिली तुम्ही सांगितली: डोक्यातलं सूत्रच n/2 [a + (n − 1)d] असं आहे. कंसातले 83 हे विसावं पदच आहे, त्यामुळे पदाचं सूत्र आणि बेरजेचं सूत्र एकमेकांत मिसळलं असण्याची शक्यता मोठी. दुसरी वाट: डोक्यात 2a आहे, पण लिहिताना 14 ऐवजी 7 उतरला. तिसरी कोणी पाहतच नाही. त्याने n/2 (t₁ + tₙ) हे दुसरं, अगदी बरोबर सूत्र घेतलं आणि शेवटचं पद 83 ऐवजी 76 धरलं, कारण पद काढताना पुढचा a सुटला. तेव्हा 7 हे पहिलं पद आणि 19 × 4 हे त्याच्या मते शेवटचं पद. ओळ अक्षरशः तीच.

म्हणून त्याला नुसतं t₂₀ काढायला सांगा. 76 लिहिलं तर तिसरी वाट. 83 लिहिलं तर पहिल्या दोन उरतात, मग सूत्र अक्षरांत लिहायला सांगा. लिहिलेलं सूत्र n = 1 घालून तपासता येतं. एका पदाची बेरीज a च यायला हवी, त्याचं सूत्र a/2 देईल. पण तिथेच थांबू नका. n[a + (n − 1)d] हे चुकीचं सूत्र n = 1 ला पास होतं आणि n = 2 ला पकडलं जातं, कारण 2a + d ऐवजी 2a + 2d येतं.

निळी शाई
माझ्या मुलीच्या पेपरात 50, 47, 44, … होती, 20 पदं. सूत्र तिने अक्षरांत बरोबर लिहिलं, पण d ला 3 घेतलं आणि 1570 आलं. पूर्ण गुण कापले! सूत्राचे तरी द्यायला नकोत का?

वजाबाकी
द्यायला हवेत. ही स्पष्टपणे किंमत घालण्याची चूक आहे.

कच्ची वही
गुण द्यावेत, हे मान्य. पण ही किंमत घालण्याची चूक मला वाटत नाही. तिने 3 घालायचं ठरवलं आणि 3 च घातला. चूक त्याआधी, श्रेढी वाचताना झाली. ती ओळखायला सूत्र लागतही नाही: पदं उतरत जातात, सगळ्यात मोठं 50, तेव्हा 20 पदांची बेरीज 1000 च्या वर जाणं शक्यच नाही. खरं उत्तर 10 [100 − 57] = 430.

वजाबाकी
मग तिसरा कप्पा करावा लागेल. d ची चूक किंमतीतच मोडते, असं माझं मत कायम आहे.

पाटीपेन्सिल
विचारलं. t₂₀ त्याने 83 लिहिलं, पुस्तक न बघता. म्हणजे तिसरी वाट गेली. मग बेरजेचं सूत्र लिहायला सांगितलं, तर 2a सकट बरोबर लिहिलं. मला वाटलं, किंमत घालण्याचाच घोळ. पण वहीत मागे गेलो. 5, 8, 11, … ची 12 पदं, तिथेही 6 [5 + 33] = 228. यायला हवं 258.

कच्ची वही
दोनदा तोच a सुटला असेल तर हात घसरला असं म्हणणं अवघड आहे. मात्र आज बरोबर लिहिलेल्या सूत्रावरून त्या दिवशी डोक्यात काय होतं, ते कळत नाही. पुढची काही गणितं सूत्राची ओळ आधी आणि किमतींची ओळ तिच्या खाली, अशी लिहून घ्या आणि त्या वह्या इथे टाका.