तुमचा पहिला पूर्ण झालेला गेम : अनुभव सांगा

निळी शाई (धागा सुरू करणारी)

मी गावातल्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी गेल्या महिन्यात शनिवारी माझा जुना लॅपटॉप घरी घेऊन गेली आणि सोमवारी सकाळी तिचा पहिला गेम पूर्ण करून परत आली. तिची हकीकत आधी सांगते, मग तुमची ऐकायची आहे.

लॅपटॉपवर स्क्रॅचचं, म्हणजे ठोकळे जोडून गेम बनवायच्या भाषेचं, ऑफलाइन ॲप होतं. इंटरनेट नव्हतं, माऊस नव्हता, आणि उजव्या बाणाचं बटण कधीचंच बंद पडलेलं. म्हणून बादली सरकवायला तिने `a` आणि `d` घेतले. गेम साधा: वरून गोल थेंब पडतो, खाली बादली असते, थेंब बादलीत झेलायचा. तीन थेंब चुकले की खेळ संपला.

शनिवारी रात्रीच ती अडली. एक थेंब झेलला की गुण एकाने वाढायला हवेत, तर ते भसाभस वाढत होते. तिने वहीत लिहून ठेवलंय: "पहिला थेंब २८. दुसरा २९. तिसरा ८, बादली लगेच बाजूला नेली." या तिसऱ्या ओळीवरूनच तिला उलगडलं. बादली लवकर बाजूला नेली तर गुण कमी, म्हणजे थेंब जितका वेळ बादलीला टेकलेला आहे तितका वेळ मोजणी चालूच आहे. `forever` मधला प्रश्न सेकंदाला तीसेक वेळा विचारला जातो हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने गुण वाढवल्याबरोबर थेंबाला पुन्हा वर पाठवलं आणि ते थांबलं.

रविवारी दुसरी अडचण आली आणि ती मला जास्त आवडली. गेम फारच सोपा होतो म्हणून तिने थेंबाचा `size` १०० वरून ४० केला आणि धाकट्या भावाला खेळायला बसवलं. तो काही केल्या हरेना. तिला वाटलं, चांगला खेळतोय. मग जवळ बसून पाहिलं तर चुकलेला थेंब जमिनीवर तसाच पडून राहत होता आणि हा सावकाश बादली त्याच्यावर नेऊन गुण घेत होता. `missed` शून्यावरच. तेव्हा तिचा कोड असा होता:

```
forever
  change y by -5
  if touching Bucket then
    change score by 1
    go to x: (random -200 to 200) y: 180
  if y position < -200 then
    change missed by 1
    go to x: (random -200 to 200) y: 180
```

तिने `y position` च्या शेजारच्या चौकोनात खूण केली, म्हणजे तो आकडा पडद्यावर दिसू लागला. थेंब खाली येतो, आकडा `-185` ला येतो आणि तिथेच खिळतो. ती मला म्हणाली, "बाई, तो दोनशेपर्यंत जातच नाही, मग मी रेघच वर घेतली." `-200` च्या जागी `-170` केलं. भाऊ पहिल्यांदा हरला आणि पडद्यावर `Game over` आलं. वहीत त्यापुढे फक्त वेळ लिहिलीय, ९.४०.

सोमवारी तिने मला विचारलं, "मग शनिवारी `-200` कसं चाललं?" मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि तुमचा पहिला गेम, जो खरंच शेवटपर्यंत गेला, त्याबद्दल लिहा.

कोपऱ्यातला

माझा पहिला गेम मी मामाच्या लॅपटॉपवर पूर्ण केला. शेवटच्या पातळीवरचा राक्षस अकरा वेळा मारला, दर वेळी बॅटरी संपायची आणि पुन्हा आधीच्या टप्प्यापासून सुरुवात. बाराव्या वेळी चार्जर धरून ताई शेजारी उभी होती, कारण पिन हलली की वीज तुटायची. आता वर वाचल्यावर कळलं की तुम्ही गेम बनवण्याबद्दल विचारताय. तरी लिहिलेलं राहू देतो. ताई त्या दिवशी तासभर उभी होती.

पायवाट

शनिवारी का चाललं ते सांगतो. स्क्रॅच कुठल्याही स्प्राइटला पडद्याबाहेर पूर्ण जाऊ देत नाही, त्याचा थोडा भाग आत दिसत राहीलच अशी अदृश्य कुंपणाची सोय आहे. साधारण १५ पिक्सेल. रंगमंचाची खालची कड `-180` ला आहे, म्हणजे थेंबाचा वरचा काठ `-165` च्या खाली जाणार नाही. आता थेंब १०० पिक्सेलचा असेल तर त्याचा मध्य काठापासून ५० खाली असतो, म्हणून तो `-215` पर्यंत जाऊ शकतो आणि `-200` ची रेघ ओलांडतो. थेंब ४० चा केला की मध्य फक्त २० खाली, म्हणजे `-185`. तिच्या पडद्यावर दिसलेला आकडा तोच. मोठं स्प्राइट जास्त खाली जातं, हे मनाला उलटं वाटतं, म्हणून भलेभले यात अडकतात.

माझा स्वतःचा पहिला गेमही टोपली सरकवण्याचाच होता. त्यात माझी चूक वेगळी. मी `when right arrow key pressed` हा ब्लॉक वापरला. बटण दाबून धरलं की टोपली एक पाऊल जाई, क्षणभर थांबे, मग धावू लागे. आठवडाभर मी लॅपटॉपला दोष देत होतो. खरं कारण असं की तो ब्लॉक कीबोर्डच्या अक्षर पुन्हापुन्हा उमटवण्यावर चालतो. एखादं अक्षर दाबून धरा, पहिल्या अक्षरानंतर तसाच थांबा दिसेल. `forever` च्या आत `if key pressed` लिहिलं आणि टोपली सरळ सरकली. तुमच्या मुलीने `a`, `d` कुठल्या पद्धतीने दिलेत ते पाहाल का?

सरीवरसर

आकड्यांच्या भानगडीत पडूच नये. `touching edge` वापरायचं, थेंब कडेला लागला की चुकला. मी माझ्या भाचीला हेच शिकवलंय आणि तिचा गेम व्यवस्थित चालतो.

पायवाट

@सरीवरसर, चालतं, पण या कोडमध्ये नाही. थेंब `y: 180` ला जन्मतो, म्हणजे वरच्या कडेवरच. पहिल्याच फेरीत तो कडेला लागलेला असणार आणि तीन फेऱ्यांत, पापणी लवायच्या आत, खेळ संपेल. तुमच्या भाचीचा थेंब बहुतेक थोडा खालून सुटत असेल.

सरीवरसर

आत्ता उघडून पाहिलं. १४० पासून सुटतो. बाजूच्या कडा मात्र आम्ही विचारात घेतल्या नव्हत्या. कधीकधी टोकाला पडलेला थेंब सुटताच चुकलेला धरला जातो अशी तिची तक्रार होती आणि मी तिला "तुझं लक्ष नव्हतं" म्हणायचो. आज तिला फोन करतो.

मधल्या सुट्टीतली

माझा पहिला गेम दोनदा पूर्ण झाला. नववीत होते, शाळेतला एकच लॅपटॉप, मधल्या सुट्टीत पाळीपाळीने वीस मिनिटं. चक्रव्यूहातून बाहेर पडणारं मांजर. भिंतीला लागलं की परत सुरुवातीला. सगळं जमलं, मैत्रिणीने खेळून पाहिलं, घंटा वाजली आणि मी घाईत खिडकी बंद केली. ऑफलाइन ॲप आपोआप काही साठवत नाही. जाताना ते विचारतं, पण मी न वाचता भलतंच बटण दाबलं.

मैत्रीण म्हणाली, "तुला पाठ असेल ना?" खरंच होतं. दुसऱ्यांदा दोन सुट्ट्यांत झाला आणि आधीपेक्षा नीट झाला. पहिल्या वेळी भिंतींसाठी मी अकरा वेगवेगळे स्प्राइट केले होते. दुसऱ्या वेळी सगळ्या भिंती एकाच रंगात पार्श्वभूमीवर काढल्या आणि `touching color` ने काम झालं. मांजराच्या मिशा मात्र भिंतीला लागायच्या, त्या मी खोडल्या.

तेव्हापासून दर दहा मिनिटांनी साठवते, नावात आकडा घालून. `manjar1`, `manjar2`. मोडलं तर मागच्यावर जाता येतं. उसन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगा. फाइल पेनड्राइव्हवरही टाकायला सांगा, कारण लॅपटॉप परत जातो आणि गेम त्याच्यासोबत जातो.

दारातला पाऊस

निळी शाई ताई, त्या मुलीच्या घरी फोन असेल तर गेम तिथेही चालवता येईल. टर्बोवार्पचा पॅकेजर `.sb3` फाइलची एकच एचटीएमएल फाइल करून देतो आणि ती ब्राउझरमध्ये उघडते. माझ्या मुलाचा गेम मी असाच आजीच्या फोनवर टाकला. अडचण एवढीच की फोनला `a` आणि `d` नाहीत. आम्ही बादलीच्या `forever` मध्ये `set x to mouse x` टाकलं, फोनवर बोट हाच माऊस होतो. बोट जाईल तिथे बादली जाते. पण मग खेळ फार सोपा झाला, कारण बादली क्षणात कुठेही पोचते. ती एका फेरीत ठरावीक अंतरच सरकेल असं करायचं होतं, ते अजून जमलेलं नाही.

निळी शाई

सगळ्यांचं वाचलं. पायवाट, तिने `forever` मध्येच लिहिलंय, बादली छान सरकते.

कुंपणाचं उत्तर तिला लगेच सांगावं का, यावर माझं मन दोन दिवस घुटमळत होतं. सांगितलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. शेवटी सांगितलं नाही. या शनिवारी लॅपटॉप पुन्हा दिला आणि एवढंच म्हटलं, की `y position` ची अट काढून टाक, `size` बदलत जा आणि थेंब कुठे थांबतो ते लिहून आण. तिने आलेखाच्या कागदावर बिंदू घेतले. १०० ला `-215`, ८० ला `-205`, ६० ला `-195`, ४० ला `-185`. सरळ रेघ. "बाई, वीस कमी केले की दहा वर येतो," म्हणाली, आणि दहा का, तर अर्धा थेंब, हेही तिनेच सांगितलं.

मग २० चा बिंदू घेतला. रेघेप्रमाणे `-175` यायला हवा होता. आला `-180`. तीनदा करून पाहिलं, तेच. तिने तो बिंदू लाल पेनाने काढलाय आणि शेजारी प्रश्नचिन्ह. पायवाट, तुम्हाला कारण माहीत असेल तर रविवार संध्याकाळपर्यंत लिहू नका. लॅपटॉप अजून तिच्याकडे आहे.