मदत हवी आहे: आईला पाठवायचा मेसेज

माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो, म्हणून काही मुलं त्याची नक्कल करतात. आता तो प्रकट वाचनाला उभाच राहत नाही. त्याच्या आईसाठी हे लिहिलंय:

"ताई, त्याला चिडवलं जातंय हे खरं आहे. संबंधित मुलांशी मी एकेकाला वेगळं घेऊन बोलले, त्यांच्या घरीही कळवलं. त्याची जागा तीच ठेवून दुसऱ्यांच्या जागा बदलल्या. मधल्या सुट्टीत मी वर्गातच थांबते. वाचन सध्या तो माझ्या टेबलाशी येऊन करतो. शुक्रवारी फोन करते."

त्या नावं विचारणारच. ती मी सांगणार नाही. पण जागा बदलल्याच्या वाक्यावरून त्यांना मुलं ओळखता येतील. ते वाक्य काढू का? की त्याला हलवलं नाही, हे त्यांना कळायलाच हवं?