दर दहा-वीस मिनिटांनी बदलणारा नंबर : माग निघतो की नाही?

गणपतीपेठकर : कोरोनाची ती ॲपं ब्लूटूथवरून जवळच्या फोनांना सतत एक नंबर पाठवायची आणि तो थोड्या थोड्या वेळानं बदलायची. पण नंबर बदलला तरी फोन तोच आणि खिसाही तोच. त्या ॲपवाल्यांनी 'तुमचा माग निघत नाही' असं सांगणं ही शुद्ध फसवणूक होती.

कृष्णाकाठ : अण्णा, फसवणूक हा शब्द मला लागला, म्हणून सविस्तर लिहितो. 2020 साली मी श्टुटगार्टला नोकरीला होतो आणि तिथलं कोरोना-वॉर्न-ॲप माझ्या फोनमध्ये होतं. ते गुगल आणि ॲपलच्या पद्धतीवर चालायचं. एका रात्री फोन टेबलावर ठेवून दुसऱ्या फोनवर ब्लूटूथ स्कॅनर लावून बसलो. FD6F अशी, म्हणजे या ॲपांच्या संदेशाची खूण असलेली, एक ओळ दिसत होती आणि तिच्याखाली लांबलचक आकडा. साधारण पाव तासानं ती ओळ मेली आणि तिच्या जागी नवा आकडा आला, तोही नव्या ब्लूटूथ पत्त्यासकट. दोन्ही एकाच क्षणी बदलले, हे महत्त्वाचं. पत्ता मागे राहिला असता, तर जुन्या नंबरचा धागा नव्याला जोडता आला असता.

आता सांगलीत समजा. गणपती पेठेतल्या दुकानात एकानं असे आकडे वहीत टिपणारं यंत्र लावलं आणि विश्रामबागला दुसऱ्यानं. मी सकाळी 10 ला पेठेत आणि 10:40 ला विश्रामबागला. पहिल्याकडे एक आकडा, दुसऱ्याकडे वेगळाच. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तरी आकड्यांवरून हा एकच माणूस आहे हे कळत नाही. आकडे निघायचे रोज बदलणाऱ्या एका किल्लीतून, म्हणजे एका गुप्त आकड्यातून, आणि ती फोनमध्येच असायची.

राजवाडा_सातारा : आपल्या आरोग्य सेतूतही हेच होतं की ओ. ब्लूटूथच ना तेही?

कृष्णाकाठ : ब्लूटूथ होतं, गुरुजी, पण हे नव्हतं. तिथं मोबाईल नंबरवर नोंदणी, वर जीपीएस, आणि आयडी एकच ठरलेला.

माणदेशी_पोर : कृष्णाकाठ दादा, अर्धंच सांगताय. माणूस पॉझिटिव्ह निघाला आणि त्यानं संमती दिली की मागच्या दिवसांच्या किल्ल्या सर्व्हरवर जाहीर व्हायच्या. एका दिवसाच्या किल्लीतून त्या दिवसाचे, दर दहा मिनिटांना एक असे, सगळे 144 आकडे कुणालाही काढता येतात. मग तुमच्या त्या दोन वह्या? पेठेतला आकडा आणि विश्रामबागचा आकडा एकाच यादीत सापडला की संपलं. म्हणजे नंबर बदलण्याचं संरक्षण निरोगी माणसाला पूर्ण, आजारी माणसाला अर्धं.

कृष्णाकाठ : बरोबर आहे, हे मी आधीच लिहायला हवं होतं. फक्त आजची किल्ली उद्याशी जुळत नाही, त्यामुळे निव्वळ आकड्यांवरून धागा त्या एका दिवसापुरताच राहतो. आणि वह्या लिहीत बसणारा माणूस आधीपासून यंत्रं लावून हवा.

तासगावची_सून : तुमचं आकड्यांचं चालू द्या, पण आमच्याकडे माग काढायला ब्लूटूथ लागलंच नाही. सासरे पॉझिटिव्ह निघाले त्याच दिवशी संध्याकाळी नाव, गल्ली आणि वय असलेली यादी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. कुठल्या कचेरीतून फुटली ते आजतागायत कळलं नाही. दारावर कागद चिकटवला. दूधवाल्यानं किटली फाटकाबाहेरच्या दगडावर ठेवायला सुरुवात केली, ती सासरे बरे झाल्यावरही दोन महिने तशीच. धाकटा दीर अजून त्या गल्लीतून जाताना मान खाली घालतो.

राजवाडा_सातारा : ताई, आमच्या वाड्यातही हेच. माझ्या हातावर शिक्का मारला होता. मंडईत भाजीवाल्यानं पैसे हातात घेतले नाहीत, टोपलीत टाकायला लावले.

माणदेशी_पोर : याद्या फोडणाऱ्यावर गुन्हा का नाही नोंदवला कुणी?

तासगावची_सून : कुणावर नोंदवणार? ग्रुपवर आमचाच चुलत भाऊ होता. फॉरवर्ड करणाऱ्यांत तोही.

गणपतीपेठकर : बघा! म्हणजे माझंच खरं. माग निघतोच.

कृष्णाकाठ : अण्णा, यादी माणसानं फोडली, ॲपनं नाही. ताईंच्या सासऱ्यांचं नाव ज्या कागदावर होतं तसा कागदच या पद्धतीत तयार होत नाही. सर्व्हरवर नाव नाही, फोन नंबर नाही, फक्त किल्ल्या. त्या किल्ल्यांतून निघणारे आकडे आणि आपल्या फोननं ऐकलेले आकडे यांची जुळणी प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर व्हायची.

तासगावची_सून : आणि मला सूचना आली, 'मंगळवारी तुम्ही बाधिताजवळ होता', आणि मंगळवारी मी फक्त शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले असेन तर? नाव लिहायची गरज काय?

माणदेशी_पोर : याला उत्तर नाही. नंबर कितीही फिरवा.

कृष्णाकाठ : मुंबईत लोकलनं फिरणाऱ्याला चालेल. चारशे उंबऱ्यांच्या गावात नाही चालणार, हे कबूल.

गणपतीपेठकर : ठीक आहे, फसवणूक हा शब्द मागे घेतो. पण अँड्रॉइडवर हे ॲप चालवायला लोकेशन चालू ठेवा असं का सांगायचे?

कृष्णाकाठ : जुन्या अँड्रॉइडला आजूबाजूचं ब्लूटूथ शोधायलाच लोकेशनचं बटण चालू लागायचं, म्हणून. अँड्रॉइड 11 पासून या ॲपांसाठी ती अट गेली. ॲपला मात्र जागा वाचायची परवानगीच नव्हती.

गणपतीपेठकर : बटण चालू, पण वाचत नाही, हे आम्ही कसं ओळखायचं?

तासगावची_सून : आणि मी विचारलेलं काकूंचं राहिलंच.